वाचनालयाची फरशी: 793 बाय 505 आणि मसाविची भागाकार पद्धत

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय. जुनी इमारत पाडून नवी बांधली, प्लास्टर झालं, खाली कोबा पडला आणि वाचन कक्षाच्या फरशीचा विषय बांधकाम समितीपुढे आला. मी त्या समितीवर होतो. नावं-गावं मुद्दाम देत नाहीये, त्याने काही फरक पडत नाही.

जुन्या कक्षात काळ्या-हिरवट दगडांची पटासारखी फरशी होती आणि चिटणीसकाकांचा आग्रह होता की नव्यातही तीच हवी. काळा कडप्पा, हिरवट कोटा, एक काळी एक हिरवी. त्यात त्यांच्या दोन अटी. एक, भिंतीकडेला कट पीस नको, सगळ्या फरशा अख्ख्या चौरस. दोन, चारही कोपऱ्यांत काळी फरशी आली पाहिजे. दगड देणगीतून येणार होता आणि कटिंगवाला सांगाल त्या मापाचा चौरस कापून द्यायला तयार होता, त्यामुळे दुकानात मिळतं तेच माप घ्या असं बंधन नव्हतं. एवढंच ठरवायचं होतं की फरशी किती सेंटिमीटरची कापून घ्यायची.

ठेकेदाराच्या माणसाने टेप लावून आकडे दिले: लांबी 793 सेमी, रुंदी 505 सेमी.

अडचण

आता हा शाळेतला ठरलेला प्रश्न आहे. दोन्ही बाजूंना नेमकी बसणारी मोठ्यात मोठी चौरस फरशी म्हणजे दोन्ही मापांचा मसावि. समितीवर गणिताच्या एक निवृत्त बाई होत्या, त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने तिथेच बसून मूळ अवयव पाडले. 793 म्हणजे 13 गुणिले 61. 505 म्हणजे 5 गुणिले 101. सामाईक काहीच नाही, मसावि 1. म्हणजे कट पीस नको असेल तर 1 सेमीच्या फरशा बसवा, चार लाख चारशे पासष्ट नग!

सगळे हसले आणि विषय जवळजवळ तिथेच संपला होता. ठेकेदार म्हणाला, "सोडा ना काका, दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाकू, कडेला कट पीस येतील ते कपाटाखाली जातील." काकांचा चेहरा पडला. बाई मात्र म्हणाल्या की अवयव पाडून कळत नाही, भागाकार पद्धतीने करून बघू. मुलगा म्हणाला, "उत्तर तर तेच येणार ना बाई?" उत्तर तेच येणार हे त्याचं बरोबरच होतं, पण बाईंना उत्तराच्या आधीच्या पायऱ्या बघायच्या होत्या.

भागाकार पद्धत, कोब्यावर

पद्धत सगळ्यांना माहीत असते पण ती का चालते ते बहुतेकांना शाळेत कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून जरा सावकाश सांगतो. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं, बाकी राहील तिने मग त्या लहान संख्येला भागायचं, परत जी बाकी येईल तिने आधीच्या बाकीला, असं बाकी शून्य येईपर्यंत. शेवटचा भाजक म्हणजे मसावि.

बाईंनी हे वहीत न करता खडूने कोब्यावर काढलं, आणि त्यामुळेच ते मिस्त्रींनाही पटलं. 793 बाय 505 चा आयत आहे, त्यातून आधी 505 चा एक मोठा चौरस काढून टाकला. उरला 288 बाय 505 चा तुकडा. आता मुद्दा असा, की जी फरशी 793 मध्येही नेमकी बसते आणि 505 मध्येही नेमकी बसते, ती त्यांच्या फरकात म्हणजे 288 मध्येही नेमकी बसलीच पाहिजे. उलटही खरं आहे, 505 आणि 288 मध्ये बसणारी फरशी त्यांच्या बेरजेत म्हणजे 793 मध्ये बसणारच. म्हणजे मोठ्या खोलीचा प्रश्न आणि उरलेल्या तुकड्याचा प्रश्न, दोघांचं उत्तर एकच, फक्त तुकडा छोटा. मग त्या तुकड्यातून परत चौरस काढायचा, परत उरलेल्यातून, असं करत जायचं. भागाकार हा त्यातला शॉर्टकट आहे, तीन चौरस एकाखाली एक निघत असतील तर तीन वेळा वजाबाकी करण्यापेक्षा एकदाच भाग द्यायचा.

```
793 = 505 × 1 + 288
505 = 288 × 1 + 217
288 = 217 × 1 + 71
217 =  71 × 3 + 4
 71 =   4 × 17 + 3
  4 =   3 × 1 + 1
  3 =   1 × 3 + 0
```

खडूच्या चित्रात चौथ्या ओळीपर्यंत चौरस काढता आले: एक 505 चा, एक 288 चा, एक 217 चा, तीन 71 चे. आणि मग कोपऱ्यात उरली एक चिंधी, 71 सेमी लांब आणि फक्त 4 सेमी रुंद. मिस्त्री उकिडवे बसून त्या पट्टीकडे बघत होते. त्यांनी तिच्यावर चार बोटं आडवी ठेवून बघितली आणि म्हणाले, "बाई, एवढ्या मोठ्या खोलीत एवढंच नडतंय होय?"

सगळ्या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण हा. बाक्यांची ओळ बघा: 288, 217, 71, आणि मग एकदम 4. पुढच्या ओळीतला 17 हा मोठा भागाकारही तेच सांगतो, की 71 च्या मानाने 4 म्हणजे जवळजवळ काहीच नाही. गणिताच्या पेपरात 4 म्हणजे 4 आणि पुढे जायचं. पण इथे आकडे टेपने घेतलेले, तेही सेंटिमीटरला गोल केलेले, प्लास्टर केलेल्या भिंतींमधले. त्या 4 नंतरच्या ओळींमध्ये, म्हणजे 3 आणि 1 मध्ये, खोलीबद्दल काही माहिती उरलेलीच नाही, नुसती मापातली चूक भागली जातेय.

मूळ अवयवांच्या पद्धतीत हे दिसतच नाही. ती 13, 61, 5, 101 सांगून गप्प बसते. 792 आणि 793 चे अवयव एकमेकांच्या जवळपासही नसतात, त्यामुळे एक सेमीने चुकलं की सगळंच पालटतं आणि आपण उत्तराच्या किती जवळ होतो हे कळायला मार्ग नाही. भागाकार पद्धतीत उत्तर तितकंच नाजूक असतं, पण कुठल्या पायरीला बिघडलं ते दिसतं.

4 ला शून्य मानून मागे चढणं

बाईंनी मग काय केलं, तर 4 ला शून्य मानलं आणि खालून वर चढत गेल्या. 71 ला एक भाग धरा. 217 मध्ये 71 तीन वेळा गेले, म्हणजे 217 तीन भाग. 288 म्हणजे 217 अधिक 71, चार भाग. 505 म्हणजे 288 अधिक 217, सात भाग. 793 म्हणजे 505 अधिक 288, अकरा भाग.

म्हणजे ही खोली जवळजवळ 11 बाय 7 ची आहे. आता एका भागाचं माप काढायला 71 वर विसंबायचं नाही, कारण त्यात चूक साठत आलेली आहे, थेट मूळ मापांना भागायचं. 793 भागिले 11, 72.09. 505 भागिले 7, 72.14. दोन्हीकडे 72 आणि वर थोडंसं. 72 ची फरशी घेतली तर लांबीत 792 भरतात, रुंदीत 504, आणि दोन्हीकडे फक्त 1 सेमी उरतो. 792 आणि 504 चा मसावि काढला तर 72 येतोच, पाचव्या ओळीत जायची वेळही येत नाही.

इथे मुलाने चांगला प्रश्न विचारला, की दोन्हीकडे 1-1 सेमीच जास्त आहे तर चित्रात पट्टी 4 ची का आली? कारण ती 4 ची बाकी म्हणजे 11 वेळा रुंदी वजा 7 वेळा लांबी आहे, 5555 वजा 5551. रुंदीतला 1 सेमी अकरा वेळा आला आणि लांबीतला 1 सेमी सात वेळा वजा झाला, राहिले 4. पद्धत जसजशी खाली जाते तसतशी मापातली चूक फुगत जाते, त्यामुळे शेवटची पट्टी 4 ची दिसली म्हणून खोली 4 ने चुकली असं समजून घाबरायचं नाही, मूळ मापांना भागून खरं किती उरतं ते बघायचं.

(बाईंनी जाता जाता सांगितलं की हा खाली उतरून परत वर चढायचा प्रकार आपल्याकडे कुट्टक म्हणून जुना आहे, आर्यभटाने 499 मध्ये दिलेला, भागाकारांची उभी वल्ली मांडून खालून वर यायचं. युक्लिडने त्याच्याही आधी, इसवी सनपूर्व 300 च्या सुमारास, उतरायचा भाग वजाबाकीने मांडला होता. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं, फरशीचा ठराव नंतर.)

पर्याय

72 मिळाल्यावर लगेच ऑर्डर दिली नाही, कारण 72 हे मोठ्यात मोठं माप. त्याला नेमकं भाग जाणारं कुठलंही छोटं मापही चालतं, 36 चालेल, 24 चालेल, 18 पण चालेल. आणि 72 ची एक इंची जाड फरशी साधारण 33-34 किलो भरते, मिस्त्रींनी आधीच सांगितलं की ती एकट्याने उचलून टेकवता येत नाही, प्रत्येक फरशीला दोन माणसं लागणार.

36 ची घेतली तर 22 बाय 14, म्हणजे 308 नग. वजन चौथाईवर येतं, एका माणसाचं काम होतं, मिस्त्रींना हेच हवं होतं. पण काकांची कोपऱ्यांची अट इथे मोडते. ओळीत 22 फरशा असतील तर एक टोक काळं आणि दुसरं हिरवं, सम संख्येला पर्याय नाही. चारही कोपरे एका रंगाचे यायला दोन्ही संख्या विषम लागतात. 24 ची घेतली तर 33 बाय 21, दोन्ही विषम, कोपरे जमतात, पण 693 नग आणि सांध्यांची एकूण लांबी जवळपास 320 मीटर. 72 च्या फरशीला ती 98 मीटरच्या आत आहे. सांधे म्हणजे मजुरी, पुढे त्यात साचणारी घाण, आणि पॉलिशला येणारा त्रास.

दोन बाय दोन फुटी, म्हणजे 60 सेमीची तयार टाइल पण प्रामाणिकपणे तपासली. लांबीत 13 बसून 13 सेमी उरतात, रुंदीत 8 बसून 25 उरतात. म्हणजे एका भिंतीला 13 ची पट्टी, दुसरीला 25 ची, किंवा दोन्ही कडांना वाटून साडेसहा आणि साडेबारा. स्वस्त आणि झटपट, पण पट मोडतो.

शेवटी 72 ठरलं. 77 नग, त्यात काळ्या 39 आणि हिरव्या 38. माझं मत विचाराल तर कोपऱ्यांची अट नसती तर मी 36 ला मत दिलं असतं, दोन माणसांची मजुरी वाचली असती. पण अट होती.

प्रत्यक्ष काम

ऑर्डरच्या आधी मिस्त्रींनी दोन गोष्टी करून घेतल्या ज्या कागदावरच्या गणितात नव्हत्या.

पहिली, नवं माप, मिलिमीटरमध्ये आणि तीन-तीन ठिकाणी. लांबी 7934, 7931, 7936. रुंदी 5049, 5052, 5048. प्लास्टर कधीच सरळ रेषेत नसतं, त्यामुळे लांबी 793 असं एक वाक्य खोलीला लागूच होत नाही. यातलं सगळ्यात कमी माप धरायचं, कारण फरशी अडकणार तिथेच. मग दोन्ही कर्ण मोजले, त्यांत 8 मिमीचा फरक निघाला, म्हणजे रुंदीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत खोली गुण्यातून, म्हणजे काटकोनातून, साधारण 5 मिमी बाहेर.

दुसरी गोष्ट सांधा. मशीनकट दगडाचे सांधे अगदी चिकटवून धरले तरी मिलिमीटरभर जागा जाते. 720 च्या अकरा फरशा आणि मध्ये दहा सांधे म्हणजे 7930 मिमी, आणि खोली अरुंद जागी 7931. कागदावर बसतं, पण खोली गुण्यात नसताना प्रत्यक्षात नक्की अडकलं असतं. मिस्त्री म्हणाले, "720 हा फरशी धरून सांधा. कापायची 719." म्हणजे भागाकार पद्धतीने जे 72 दिलं ते फरशी अधिक एक सांधा यांचं माप मानायचं, आणि कटिंगवाल्याला त्यातून सांधा वजा करून सांगायचं. असं केल्यावर अकरा फरशा 7919 मध्ये बसतात आणि लांबीत 12 ते 17 मिमी मोकळे राहतात. दोन्ही कडांना वाटले की सहा ते आठ, खोलीचा तिरपेपणा धरला तर कुठे तीन-चार, कुठे आठ-नऊ. रुंदीतही तसंच, एकूण 9 ते 13. स्कर्टिंग 20 मिमी जाडीचं कडप्प्याचं होतं, ते फरशीवर उभं राहतं, खालची फट त्यात झाकली जाते. उलट फट हवीच असते, दगड भिंतीला टेकवून घट्ट ठोकू नये.

कटिंगवाल्याला सांगितलं की 719 च्या वर एकही नको, एक मिमी कमी असली तर चालेल. हे महत्त्वाचं, कारण प्रत्येक फरशी 1 मिमी मोठी आली तर अकरा फरशांत 11 मिमी जातात आणि अरुंद जागी जवळजवळ सगळी मोकळी जागा संपते. चुका दोन्ही बाजूंना असतील तर एकमेकींना खातात, एकाच बाजूला असतील तर साठतात.

मग 3-4-5 ने काटकोन मिळवून मध्यावर दोन दोऱ्या ताणल्या, मधली उभी आणि मधली आडवी ओळ आधी माल न टाकता कोरडी लावून बघितली, बसली, आणि तिथून चारही भिंतींकडे काम गेलं. भिंतीपासून सुरुवात केली असती तर सगळा तिरपेपणा समोरच्या भिंतीला एकाच जागी दिसला असता.

निष्पत्ती

एकही कट पीस लागला नाही. पाच फरशा जादा मागवल्या होत्या, त्यातल्या दोन उतरवताना तुटल्या. एका कोपऱ्यात फट 11 मिमीपर्यंत गेली होती ती स्कर्टिंगखाली गेली. चारही कोपरे काळे आले. दरवाजा लांब भिंतीच्या बरोबर मध्ये आहे, तिथे सहावी फरशी येते आणि ती हिरवी, त्यावर काकांनी थोडी कुरकुर केली. अकरात मधली सहावी, कोपरा काळा ठेवला की ती हिरवीच येणार, दोन्ही एकदम मिळणार नव्हतं.

शेजारच्या खोलीत जमलं नाही ते

यशानंतर साहजिकच काका म्हणाले की शेजारच्या कार्यालयाच्या खोलीतही असंच करू. माप 612 बाय 379. बाक्या आल्या 233, 146, 87, 59, 28, 3. इथेही 28 वरून 3 ला पडझड दिसते, पण ती फार उशिरा आली. वर चढून बघितलं तर 28 एक भाग, 59 दोन, 87 तीन, 146 पाच, 233 आठ, 379 तेरा, 612 एकवीस. म्हणजे 21 बाय 13, फरशी 29 सेमीची, 273 नग. आणि 29 धरून भरतात 609 आणि 377, म्हणजे लांबीत 3 सेमी उरतात, दोन्ही कडांना दीड-दीड, तिरपेपणा धरल्यावर 20 मिमीच्या स्कर्टिंगखाली हे कसंबसंच झाकलं गेलं असतं.

भागाकार सगळे 1-1 येत असले की बाक्या सावकाश उतरतात आणि फरशी छोटी-छोटी होत जाते, ही त्या खोलीची प्रमाणंच तशी. एवढ्या छोट्या खास मापाच्या कटिंगला पैसे घालण्यात अर्थ नव्हता. तिथे सरळ फुटी तयार टाइल घेतली आणि कट पीस कपाटांच्या भिंतीकडे टाकले. ठेकेदार खूश.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे सगळं प्लास्टरच्या आधी करायला हवं होतं. विटांच्या भिंती उभ्या असताना कक्षाचं माप घेतलं असतं तर प्लास्टरच्या जाडीत दोन्ही बाजूंना काही मिलिमीटर हलवून खोली हवी तशी आणता आली असती, आणि कार्यालयाच्या खोलीत विटांच्या वेळीच भिंत काही सेंटिमीटर सरकवली असती तर तिथेही पट बसला असता. उदाहरणार्थ 616 बाय 392 केली असती तर मसावि 56 आणि 11 बाय 7 चाच पट, फक्त 4 सेमी एकीकडे आणि 13 सेमी दुसरीकडे सरकवून.

दुसरं, पहिलं माप सेंटिमीटरला गोल करून घेतलं ते इथे निभावलं कारण बाईंनी बाकीची पडझड ओळखली. 793 ऐवजी 795 वाचलं गेलं असतं तर बाक्या 290, 215, 75, 65, 10, 5 अशा आल्या असत्या आणि मसावि 5. तिथे 75 नंतर 65 येतं, ठळक पडझड दिसत नाही आणि 11 बाय 7 नजरेतून निसटलं असतं. दोन सेमीच्या चुकीला ही युक्ती पुरत नाही. म्हणून आधी तीन ठिकाणी मिमीत माप, कमीत कमी मापात सांधा मिळवून येणारी संख्या, आणि मग भागाकार, हा क्रम बरा. आमच्याकडे उलट क्रमाने झालं.

तिसरं, वजनाचा विचार आम्ही 72 ठरत आल्यावर केला. मिस्त्रींना पहिल्याच बैठकीला बोलावलं असतं तर कोपऱ्यांच्या अटीवर तेव्हाच चर्चा झाली असती, आणि कदाचित 36 च्या फरशांभोवती काळी कड फिरवून काकांचंही समाधान करता आलं असतं. कडेची पट्टी दोन्ही बाजूंना 36 चीच धरली तर आत 20 बाय 12 चा पट राहतो, आणि कोपऱ्यांत काळी फरशी येतेच.